सहा प्लेटा, एकच रांग

परभणी शहरात असो की सेलू-जिंतूरला, गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की एक सल्ला हमखास कानावर येतो. "सिरीज करू नका, एक प्लेट बंद पडली की सगळ्या बंद. पॅरलल करा, एकीवर सावली आली तरी बाकीच्या चालू राहतात." सांगणाऱ्याच्या आवाजात खात्री असते. ऐकणाऱ्यालाही ते लगेच पटतं, कारण माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ विझते, हे त्याने घरीच पाहिलेलं असतं. त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, त्या उन्हात प्लेटांचं व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर जळू शकतो, म्हणून रांग आखूड ठेवलेली बरी.

ही दोन्ही विधानं चुकीची आहेत. नुसती पुस्तकात चुकीची असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. या सल्ल्यामुळे दीड-दोन लाख रुपये खर्चून बसवलेला संच दररोज दुपारी निम्म्याच्या थोडं वर काम करतो आणि घरमालकाला ते कधी कळतही नाही, म्हणून लिहितो आहे.

ज्या संचाबद्दल बोलायचं तो आधी नीट डोळ्यांपुढे आणू. केंद्राची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी अनुदान वाढत नाही. साहजिकच घरगुती ग्राहक ३ किलोवॅटच्या आसपास थांबतो. ५४० वॅटच्या सहा प्लेटा घेतल्या की ३.२४ किलोवॅट होतात. समजा, वसमत रोडवरच्या एका घराच्या गच्चीवर अशा सहा प्लेटा आहेत आणि जिन्याजवळ ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर आहे. बसवणाऱ्याने तीन-तीन प्लेटांच्या दोन रांगा केल्या आणि वाय कनेक्टरने त्या एकमेकींना पॅरलल जोडून इन्व्हर्टरच्या एकाच इनपुटला दिल्या. गच्चीवर उभं राहून पाहिलं तर यात काहीच वावगं दिसत नाही.

प्लेटेच्या मागच्या पाटीवर चार आकडे महत्त्वाचे असतात. Voc म्हणजे काहीही जोडलेलं नसताना मिळणारं व्होल्टेज. या वर्गातल्या प्लेटेला ते साधारण ४९.५ व्होल्ट असतं. Vmp म्हणजे प्लेट पूर्ण ताकदीनं वीज देत असतानाचं व्होल्टेज, सुमारे ४१.६. त्या वेळचा करंट Imp १३ अँपिअर आणि दोन टोकं थेट जोडली तर वाहणारा Isc १३.८५. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो, पण हिशेब याच आकड्यांच्या आसपास राहतो. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते आणि करंट एकाच प्लेटेइतका राहतो. पॅरललमध्ये करंटची बेरीज होते आणि व्होल्टेज एकाच रांगेइतकं राहतं. इतकं तर सगळ्यांनाच माहीत असतं. वाद सुरू होतो तो यापुढे, इन्व्हर्टरच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचायची वेळ येते तेव्हा.

कारण इन्व्हर्टरला कुठलंही व्होल्टेज आणि कितीही करंट चालत नाही. त्याची एक खिडकी असते. या आकाराच्या इन्व्हर्टरवर साधारण असं लिहिलेलं असतं: कमाल डीसी व्होल्टेज ६००, एमपीपीटीची कक्षा ८० ते ५५०, सुरू होण्यासाठी किमान १०० ते १२०, आणि इनपुटचा कमाल करंट १४ अँपिअर. एमपीपीटी म्हणजे प्लेटांमधून जास्तीत जास्त वॅट ओढता येतील असं व्होल्टेज सतत शोधत राहणारा इन्व्हर्टरमधला भाग. तो या कक्षेच्या आत शोधतो आणि करंटच्या मर्यादेत राहून शोधतो. पॅरललचा आग्रह धरणारे यातला शेवटचा आकडा बघतच नाहीत.

आता मे महिन्यातली दुपार घेऊ. हवेचं तापमान ४३ अंश आहे. उन्हात तापलेली प्लेट हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी जास्त गरम होते, म्हणजे तिच्यातली सिलिकॉनची चकती ७० अंशांवर गेलेली असते. पाटीवरचे आकडे मात्र २५ अंशांचे आहेत. तापमान वाढलं की सिलिकॉनच्या सेलचं व्होल्टेज उतरतं. ते चढत नाही. वर सांगितलेलं दुसरं विधान इथेच कोसळतं. ऊन वाढल्याने वाढतो तो करंट. उष्णतेने व्होल्टेज कमीच होतं, दर अंशाला Vmp साधारण ०.३५ टक्क्यांनी. ४५ अंशांच्या फरकाला हे जवळपास १६ टक्के झाले. ४१.६ व्होल्टची प्लेट ३५ व्होल्टवर येते.

सहाही प्लेटा एका रांगेत असत्या तर इन्व्हर्टरला २१० व्होल्ट आणि १३ अँपिअर मिळाले असते. करंट १४ च्या आत, व्होल्टेज खिडकीच्या आत, आणि हाती आलेली वीज २.७ किलोवॅट. तीन-तीनच्या दोन पॅरलल रांगांमध्ये इन्व्हर्टरच्या दारात उभे राहतात १०५ व्होल्ट आणि २६ अँपिअर. इन्व्हर्टर १४ च्या वर घेत नाही. तो जळत नाही, ओरडत नाही, लाल दिवाही लावत नाही. तो एमपीपीटीचा बिंदू वरच्या व्होल्टेजकडे सरकवतो आणि करंट १४ वर आणतो. असं करताना व्होल्टेज १२० च्या आसपास जातं. १२० गुणिले १४, म्हणजे सुमारे १.७ किलोवॅट. उरलेला एक किलोवॅट प्लेटांमध्येच उष्णता होऊन विरतो.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "पण आमच्या संचाला रोज आठ-नऊ युनिट येतात, मग अडलंय कुठे?" अडलंय ते हेच. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं असतं, दोन्ही रांगा मिळूनही करंट १४ पर्यंत पोचत नाही, त्या वेळी सगळी वीज घेतली जाते. अडवणूक होते ती मधल्या पाच-सहा तासांत. निरभ्र दिवसाचा सगळा हिशेब मांडला तर जवळपास पाव हिस्सा युनिट जातात. बारा युनिट देऊ शकणारा संच नऊ देतो. घरमालकाला पूर्वीपेक्षा बिल कमी आलेलं दिसतं आणि तो समाधानी असतो. अनुदान किलोवॅटवर मिळतं, युनिटवर मिळत नाही. तपासणीला आलेला माणूस प्लेटा मोजतो, अर्थिंग पाहतो, फोटो काढतो. सहा प्लेटा सहाच भरतात. दुपारी एक किलोवॅट कुठे जातो, हे पाहणं कुणाच्याच कामात येत नाही.

आता सावलीच्या मुद्द्याकडे येऊ. पॅरललच्या बाजूने हाच सगळ्यात मोठा दावा आहे, म्हणून त्याला पुरेशी जागा देतो.

माळेतल्या बल्बाची उपमा सोलरच्या प्लेटेला लागू होत नाही. प्लेटेच्या मागे जो काळा जंक्शन बॉक्स असतो, त्यात साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. प्लेटेचे तीन भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाला एक डायोड असतो. एखाद्या भागावर सावली पडली आणि त्याला रांगेचा करंट वाहून नेणं जमेना, की करंट त्याच्या डायोडमधून वळसा घेऊन पुढे जातो. रांग तुटत नाही, तेवढ्या भागाचं व्होल्टेज फक्त कमी होतं. पूर्ण प्लेट सावलीत गेली तर तिन्ही डायोड वाट देतात आणि उरलेल्या पाच प्लेटा आपलं काम करत राहतात.

आपल्या वसमत रोडच्या गच्चीवर दुपारी पाण्याच्या टाकीची सावली एका प्लेटेवर पडते असं धरू. सहाची एक रांग असेल तर पाच प्लेटांचे १७५ व्होल्ट आणि १३ अँपिअर, म्हणजे सुमारे २.३ किलोवॅट मिळतात. सहावा हिस्सा गेला. तेवढा जाणारच होता, कारण त्या प्लेटेवर ऊनच नाही.

तीन-तीनच्या पॅरलल जोडणीत काय होतं? दोन्ही रांगा एकाच एमपीपीटीवर आहेत, म्हणजे दोघींना एकाच व्होल्टेजवर काम करणं भाग आहे. चांगल्या रांगेला १०५ व्होल्ट हवेत. सावलीतल्या रांगेत दोनच प्लेटा शिल्लक आहेत. त्या तापलेल्या दोन प्लेटांचं ओपन सर्किट व्होल्टेजच ८६ च्या आसपास येतं, म्हणजे १०५ वर तिच्यातून जवळपास काहीच वाहणार नाही. मग एमपीपीटीपुढे दोन पर्याय राहतात. एक, १०५ वर थांबून एकट्या चांगल्या रांगेकडून सुमारे १.४ किलोवॅट घ्यायचे. दोन, व्होल्टेज ७० पर्यंत उतरवून दोन्ही रांगांकडून करंट घ्यायचा. पण ७० हा आकडा खिडकीच्या बाहेर आहे, खालची चौकट ८० ची आहे, आणि इतका करंट घ्यायची मुभाही नाही. म्हणून तो पहिला पर्याय घेतो. सावली पडली एका प्लेटेवर आणि बसल्या तीन.

इथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. सावली पडलेली सिरीज रांग २.३ किलोवॅट देते. सावली अजिबात नसलेली पॅरलल जोडणी १.७ देते. ज्या आजाराच्या भीतीने औषध घेतलं, त्या आजारापेक्षा औषधानेच जास्त नुकसान केलं. "एकीवर सावली आली तरी बाकीच्या चालतात" हे वाक्य खरं तर सिरीजचं वर्णन आहे.

सावलीबाबत सिरीजला काहीच अडचण नाही, असं मात्र मी म्हणत नाही. काही इन्व्हर्टर सावली पडल्यावर चुकीच्या बिंदूवर अडकून राहतात. पूर्ण कक्षा पुन्हा तपासण्याची सोय काहींच्या सेटिंगमध्ये असते आणि ती चालू करावी लागते. रोज त्याच प्लेटेवर तीच सावली पडत असेल तर तिचे डायोड वर्षानुवर्षं तापत राहतात आणि कधीतरी एखादा जातो. धूळ आणि कबुतरांची घाण यांवर तर जोडणीचा कुठलाच प्रकार इलाज नाही. पण या सगळ्यावर उपाय आहे तो टाकी हलवणं, प्लेट दीड फूट सरकवणं किंवा पाइपाच्या स्टँडची उंची वाढवणं. रांग तोडल्याने यातलं काहीच सुटत नाही.

मग ही पॅरललची श्रद्धा आली कुठून? ती मूर्खपणातून आलेली नाही. वीस वर्षांपूर्वीच्या भारनियमनाच्या काळात मराठवाड्यात लोकांनी जे सोलर लावलं ते बॅटरीचं होतं. १२ व्होल्टची बॅटरी, १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेली छोटी प्लेट आणि मधे साधा चार्ज कंट्रोलर. तो कंट्रोलर व्होल्टेज बदलत नसे, प्लेट थेट बॅटरीला जोडावी तसंच ते काम होतं. तिथे दुसरी प्लेट वाढवायची तर पॅरललच जोडावी लागे, सिरीज केली असती तर जादा व्होल्टेज नुसतं वाया गेलं असतं. ज्या वायरमनांनी तेव्हा हे काम केलं, त्यांनी ते बरोबर केलं. ग्रिडला जोडलेल्या इन्व्हर्टरची गरज मात्र अगदी उलटी आहे. त्याला २३० व्होल्टची एसी वीज तयार करायची असते आणि त्या लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. म्हणजे आतल्या डीसी बसवर ३२५ पेक्षा जास्त व्होल्ट लागतात. १०५ व्होल्ट आत आले तर ते तिप्पट-साडेतिप्पट चढवावे लागतात, २१०-२५० आले तर दीड-पावणेदोन पट. चढण जितकी मोठी तितकं आतलं बूस्ट सर्किट तापतं, आणि मेमध्ये परभणीच्या गच्चीवर इन्व्हर्टरला आणखी तापवायची काही गरज नाही.

"कमी व्होल्टेज म्हणजे सुरक्षित" असाही एक युक्तिवाद असतो. डीसीमध्ये १२० व्होल्टच्या वर माणसाच्या जिवाला धोका धरतात. तीन प्लेटांचं ओपन सर्किट व्होल्टेज थंड सकाळी १५७ व्होल्ट होतं. म्हणजे रांग तोडूनही आपण धोक्याच्या रेषेच्या वरच आहोत, सुरक्षितता काही विकत घेतली नाही. उलट इन्व्हर्टर तेवढा करंट घेणारा असेल तर केबलमधून दुप्पट करंट सोडला. गच्चीवरून इन्व्हर्टरपर्यंत २० मीटर अंतर आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल धरा. जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध सुमारे ०.२ ओहम होतो. १३ अँपिअरला त्यात ३४ वॅट जातात, २६ अँपिअरला १३५. करंट दुप्पट झाला की केबलमधला ऱ्हास चौपट होतो आणि कनेक्टरही त्याच हिशेबाने तापतात. वाय कनेक्टर काळा पडलेला, वितळलेला दिसला तर त्यामागे सैल जोडणीबरोबर हे कारणही पाहावं.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही थोडं बोलायचं आहे. सिरीज चांगली हे ज्यांना पटलेलं आहे, त्यांच्यातले काही जण रांग शेवटच्या व्होल्टपर्यंत ताणतात. त्यांचा हिशेब सोपा असतो. मोठ्या घरासाठी बारा प्लेटा आहेत, एका प्लेटेचे ४९.५ व्होल्ट, बारांचे ५९४, इन्व्हर्टरची मर्यादा ६००, म्हणजे बसतं. हा हिशेब २५ अंशांचा आहे, आणि तो परभणीत चालत नाही.

परभणीला आपण उन्हाळ्यासाठी ओळखतो, पण हिवाळ्यात राज्यातल्या सगळ्यात थंड ठिकाणांमध्ये परभणीचं नाव वारंवार येतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या आवारात घेतलेली किमान तापमानाची नोंद वर्तमानपत्रांत छापून येते ती याच कारणाने. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात इथे पारा पाच अंशांच्या खाली उतरला होता. समुद्रापासून दूर असलेल्या, कोरड्या हवेच्या या भागात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, आणि आकाशाकडे तोंड केलेली काच तर हवेपेक्षाही थोडी जास्त गार होते. त्यामुळे रांग ठरवताना इथे तीन अंश धरणं यात मला अतिरेक वाटत नाही.

थंडीत Voc दर अंशाला सुमारे ०.२८ टक्के वाढतं. २५ वरून ३ अंश म्हणजे २२ अंशांचा फरक, वाढ सहा टक्क्यांच्या थोडी वर. ४९.५ चे ५२.५ होतात. बारा प्लेटांचे ६३१ व्होल्ट. मर्यादा ६०० ची. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर PV Over Voltage अशी सूचना येते. नशीब चांगलं असेल तर तो दिवस चढेपर्यंत नुसता थांबून राहतो, नसेल तर इनपुटचे कपॅसिटर किंवा स्विचिंगचे भाग जातात, आणि मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज दिल्याचं आढळलं तर वॉरंटी मिळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पहाटे उजेड कोवळा असतो, त्या उजेडात व्होल्टेज पाटीइतकं पूर्ण चढत नाही, आणि ऊन चढेपर्यंत प्लेट गरम झालेली असते. मग हा ६३१ चा आकडा प्रत्यक्षात येतो कधी? रोज येत नाही, हे खरं. शिवाय इन्व्हर्टर चालू असताना रांग Vmp च्या व्होल्टेजवर असते, जे बरंच खाली असतं. पण वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर नियमाप्रमाणे लगेच सुटतो आणि रांगेचं व्होल्टेज क्षणात Voc वर उडी मारतं. जानेवारीतली गार वाऱ्याची स्वच्छ सकाळ, नुकतंच अंगावर आलेलं ऊन आणि त्याच वेळी गेलेली लाइट. हे तिन्ही एकत्र येणं परभणी जिल्ह्यात दुर्मीळ म्हणता येईल का? संचाचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरतो तेव्हा हिशेबही त्या पंचवीस वर्षांतल्या सगळ्यात वाईट सकाळचाच करायला हवा. अकरा प्लेटा केल्या तर त्याच थंडीत ५७८ व्होल्ट होतात आणि आपण मर्यादेच्या आत राहतो.

बारावी प्लेट मग टाकून द्यायची का? नाही. पॅरललचं, किंवा अधिक नेमकं बोलायचं तर दोन रांगांचं, खरं स्थान इथे आहे. पाच-सहा किलोवॅटच्या इन्व्हर्टरला बहुधा दोन स्वतंत्र एमपीपीटी असतात. सहा-सहाच्या दोन रांगा करून एकेक रांग एकेका एमपीपीटीला द्यावी. प्रत्येक रांग हिवाळ्यात ३१५ व्होल्टच्या वर जात नाही आणि उन्हाळ्यात २१० च्या खाली येत नाही. एक रांग दक्षिणेकडे आणि दुसरी पश्चिमेकडे असली तरी दोघी एकमेकींना ओढत नाहीत, कारण दोघींचा व्होल्टेज शोधणारा भाग वेगळा आहे. एकाच एमपीपीटीवर दोन रांगा पॅरलल जोडायच्याच असतील तर त्याचा कमाल करंट दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त हवा, दोन्ही रांगांत प्लेटा सारख्या हव्यात आणि त्यांचं तोंडही एकाच दिशेला हवं.

तीन किंवा जास्त रांगा एकत्र आणताना आणखी एक गोष्ट सुटते. या प्लेटेच्या पाटीवर कमाल सिरीज फ्यूज साधारण २५ अँपिअर लिहिलेला असतो. दोन रांगांपैकी एकीत बिघाड झाला तर दुसरी तिच्यात उलटा सोडू शकते तो करंट १३.८५ अँपिअर, तो प्लेट सहन करते. तीन रांगा असतील तर दोन मिळून २७.७ सोडतात, आणि तो २५ च्या वर आहे. म्हणून तिथून पुढे प्रत्येक रांगेला स्वतंत्र डीसी फ्यूज लागतो. डीसीडीबीच्या पेटीत तो आहे का, हे झाकण उघडून पाहता येतं.

शेतातल्या सौर पंपाबद्दल एकच सांगतो. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून आलेल्या पंपाला पाणी कमी पडतंय म्हणून त्याच रांगेत आणखी दोन प्लेटा घुसवण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. पंपाच्या कंट्रोलरलाही अशीच वरची मर्यादा असते आणि त्याच्या रांगा आधीच लांब असतात. शिवाय जुन्या ३३० वॅटच्या रांगेत नवी ५४० ची प्लेट घातली तर सिरीजमध्ये करंट जुन्या प्लेटांचाच, पावणेनऊ अँपिअरच्या आसपास राहतो. नवी प्लेट ५४० ऐवजी पावणेचारशे वॅटच देते. पाणी नाममात्र वाढतं, आणि गारठ्यात कंट्रोलर धोक्यात येतो तो वेगळाच.

आपल्या गच्चीवर काय केलंय हे घरमालकाला स्वतः पाहता येतं, त्यासाठी कुठलीही तार सोडायची गरज नाही. निरभ्र दिवशी बारा ते एकच्या दरम्यान इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा मोबाइल ॲपवर PV1 चं व्होल्टेज आणि करंट पाहा. व्होल्टेजला प्लेटांच्या संख्येने भागा. एका प्लेटेला ३५ ते ४० व्होल्ट आले तर सगळ्या एकाच रांगेत आहेत. सहा प्लेटा असून स्क्रीनवर ११०-१२० व्होल्ट दिसत असतील आणि करंट इन्व्हर्टरच्या कमाल आकड्यावर येऊन तासन्‌तास हलत नसेल, तर तुमचा संच वर सांगितलेल्या सापळ्यात आहे. ॲपमधला दिवसाचा आलेखही तेच सांगतो. सरळ चाललेल्या संचाचा आलेख दुपारी गोल टेकडीसारखा चढून उतरतो. अडलेल्या संचाचा माथा सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत सपाट, कापल्यासारखा दिसतो.

दुरुस्ती अवघड नाही. दोन वाय कनेक्टर काढायचे, पहिल्या रांगेची शेवटची तार दुसऱ्या रांगेच्या पहिल्या प्लेटेला जोडायची, मल्टिमीटरने धन-ऋण आणि ओपन सर्किट व्होल्टेज तपासायचं आणि मगच इन्व्हर्टरला द्यायचं. सहा प्लेटांना साधारण उन्हात २७० ते ३०० व्होल्ट दिसायला हवेत. काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर बंद करून. करंट वाहत असताना कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, ती हात भाजते आणि कनेक्टरही जाळते.

आणि ज्यांचा संच अजून बसायचा आहे, त्यांना एकच विनंती आहे. शेवटचा हप्ता देण्याआधी बसवणाऱ्याकडून एका कागदावर सहीनिशी दोन आकडे लिहून घ्या. पहिला, हवेचं तापमान ३ अंश असताना एका रांगेचं ओपन सर्किट व्होल्टेज किती होईल. दुसरा, प्लेट ७० अंशांवर असताना त्या रांगेचं चालू व्होल्टेज आणि इनपुटचा एकूण करंट किती असेल. इन्व्हर्टरच्या बाजूच्या पाटीशी हे आकडे स्वतः ताडून पाहा. जो हे आकडे देऊ शकत नाही, त्याला तुमच्या गच्चीवर चढू देऊ नका.